गुऱ्हाळ चॅनेल: बोनस बंद होऊन जाहिरातीचा वाटा सुरू झाला तेव्हाच्या नोंदी

10 डिसेंबर 2022, शनिवार

सकाळी यूट्यूबच्या शॉर्ट्स फंडाचा मेल आला. नोव्हेंबरचा बोनस 150 डॉलर. 25 तारखेच्या आत दावा केला नाही तर रक्कम जाते, म्हणून चहा गॅसवर ठेवूनच बटण दाबलं. नोव्हेंबरात आपल्या शॉर्ट्सना 22 लाख व्ह्यूज होते.

भावाला फोन केला, तो कोल्हापूरजवळ वडणग्यात गुऱ्हाळावर होता. त्यानं लगेच गणित मांडलं, "ताई, 22 लाखाला दीडशे, म्हणजे 44 लाखाला तीनशे." मला ते पटलं नाही, पण चूक कुठं आहे तेही सांगता येईना. म्हणून वहीत लिहून ठेवते आणि डिसेंबरचा आकडा आला की ताडून बघते.

फंडाबद्दल आतापर्यंत खात्रीनं कळलेलं असं. यूट्यूबनं 2021 आणि 2022 सालांसाठी मिळून 10 कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. त्यातून दर महिन्याला निवडक चॅनेलांना 100 ते 10,000 डॉलर मिळतात. चॅनेलवर जाहिराती चालू असण्याची गरज नाही, आणि आपल्या चॅनेलवर त्या नाहीतच. निवड कशी होते, तर गेल्या महिन्यात किती लोकांनी पाहिलं आणि किती जण गुंतले त्यावरून, आणि प्रेक्षक कुठल्या देशातले आहेत तसा उंबरठा वेगळा. दर मात्र कुठंच छापलेला नाही.

18 डिसेंबर 2022, रविवार

पहाटे पाचला गुऱ्हाळावर. चुलवाण पेटलेलं, जाळ सांभाळणारा जळव्या उसाचं चिपाड आत सारत होता. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीचा चिकट रस टाकतात, मग मळी वर येते आणि झाऱ्यानं काढली जाते. आज तेवढं एकच शूट करायचं ठरवून गेलो होतो. मोबाइल वाफेच्या बाजूला ठेवला की लेन्स धुरकटते, म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाला स्टँड लावला आणि दर दोन मिनिटांनी फडक्यानं काच पुसली.

गुळव्या आबांनी पाक तयार झाला का ते बघायला थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी वळला, आणि ती गोळी भांड्याच्या कडेवर आपटली. 'टण्' असा आवाज आला. आवाज आला की काहील उतरवायची. 48 सेकंदांचा हा तुकडा गाणं न लावता तसाच टाकला. संध्याकाळपर्यंत 90 हजार.

सगळं फुटेज हार्ड डिस्कवर तारखेनुसार ठेवते आहे. वापरलेलं नाही तेही पुसत नाही.

11 जानेवारी 2023, बुधवार

डिसेंबरचा बोनस 120 डॉलर. व्ह्यूज 31 लाख.

व्ह्यूज 9 लाखांनी वाढले आणि पैसे 30 डॉलरनं घटले. भाऊ म्हणाला, "चुकलं असंल त्यांचं कायतरी." चुकलेलं काही नाही. कंपनीनं आधी रक्कम ठरवली आणि मग ती वाटली. त्या महिन्यात जास्त चॅनेल रांगेत उभी राहिली, किंवा बाकीच्यांचे व्ह्यूज आपल्यापेक्षा जास्त वाढले, तर आपला वाटा कमी होतो. आपण किती धावलो याइतकंच बाकीचे किती धावले यालाही महत्त्व येतं, आणि ते आपल्याला दिसत नाही. म्हणजे दर हजार व्ह्यूजला किती डॉलर मिळाले हा भागाकार करता येतो, पण त्याच्यावर पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आगं, हे मैदानातल्या इनामासारखं. कमिटीनं वर्गणी किती गोळा केली त्यावर इनाम. पैलवानानं किती घाम गाळला त्यावर न्हाई." इतक्या सरळ शब्दांत मला सांगता आलं नव्हतं.

15 जानेवारी 2023, रविवार

दिवसभर नव्या अटी वाचल्या. 31 जानेवारीला फंड बंद, 1 फेब्रुवारीपासून शॉर्ट्सना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा. सप्टेंबरमध्ये जाहीर झालं तेव्हा मी फक्त 'वाटा मिळणार' एवढंच वाचलं होतं. कोणाला मिळणार हे आज वाचलं.

वाटा हवा तर चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये असायला हवं. त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर, आणि सोबत दोनपैकी एक गोष्ट: गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं, किंवा गेल्या 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी वैध सार्वजनिक व्ह्यूज. सबस्क्रायबर आपले 14 हजार आहेत. पण शॉर्ट्स फीडमधलं पाहणं त्या 4,000 तासांत धरत नाहीत, आणि मोठा व्हिडिओ आपण एकही केलेला नाही. म्हणजे राहिला 1 कोटीचा रस्ता.

आपल्यासारखी चॅनेलं इथंच अडकतात. बोनस घ्यायला पार्टनर असणं लागत नव्हतं, त्यामुळं आपण दोन महिने पैसे घेतले आणि 'आपलं चॅनेल कमावतं' असं घरात सांगत राहिलो. खरं तर जाहिरातीच्या व्यवस्थेत आपण अजून पाऊलच ठेवलेलं नव्हतं.

1 फेब्रुवारी 2023, बुधवार

जानेवारीचे व्ह्यूज 38 लाख. आजपासून ज्यांच्याकडे पार्टनरशिप आहे त्यांचा हिशेब चालू झाला, आपला नाही.

1 मार्च 2023, बुधवार

फेब्रुवारी 29 लाख. डिसेंबर 31, जानेवारी 38, फेब्रुवारी 29. तीन महिने मिळून बरोबर 90 दिवस आणि बरोबर 98 लाख. दोन लाखांनी हुकलं.

पण आजची खरी अडचण वेगळीच निघाली. अर्ज केल्यावर चॅनेलची तपासणी होते आणि दुसऱ्यांचं साहित्य फारसा बदल न करता वापरलेलं सापडलं तर अर्ज परत येतो. आपल्या चॅनेलवर जुलै 2021 च्या महापुराच्या सात क्लिपा आहेत. वडणग्याचा रस्ता पाण्याखाली, ट्रॅक्टरवरून माणसं नेतायत, शाळेच्या पायऱ्यांपर्यंत पाणी. सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आलेल्या. कोणी काढल्या माहीत नाही. त्या वेळी गावाची बातमी पोचावी म्हणून टाकल्या, मनात खोट नव्हती, पण त्या आपल्या नाहीत. एकीवर दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का कोपऱ्यात अजून दिसतो. फंडाच्या नियमांतही अशा क्लिपा बसत नव्हत्या, तिथं कोणाच्या नजरेला आल्या नाहीत इतकंच.

त्या काढायच्या तर त्यांचे व्ह्यूज सार्वजनिक राहत नाहीत, म्हणजे मोजणीतून जातात. या 90 दिवसांत त्या सातांचे मिळून 4 लाख आहेत. ठेवल्या तर 98 लाख, काढल्या तर 94.

भाऊ म्हणाला, आधी 1 कोटी पूर्ण करू, अर्जाच्या आदल्या रात्री काढू. तसं केलं असतं तर आकडा त्याच रात्री खाली आला असता आणि अर्जच करता आला नसता. रात्री साडेनऊला सातही क्लिपा काढल्या.

9 मार्च 2023, गुरुवार

शेवटच्या काहिली चालू आहेत, मार्चअखेर चुलवाण बंद होईल. 90 दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढं सरकते. आजचे व्ह्यूज आत येतात आणि डिसेंबरमधल्या एका दिवसाचे बाहेर पडतात. म्हणजे नुसते जास्त व्ह्यूज येऊन भागत नाही, बाहेर पडणाऱ्या दिवसापेक्षा आत येणारा दिवस मोठा असावा लागतो. डिसेंबरात रोज साधारण 1 लाख होते. सध्या रोज 1 लाख 40 हजारांच्या आसपास येतायत, त्यामुळं एकूण आकडा दिवसाला फक्त 40 हजारांनी चढतो. जानेवारीतले मोठे दिवस बाहेर पडायला लागण्याच्या आधी पोचायला हवं.

म्हणून डिसेंबरचं न वापरलेलं फुटेज बाहेर काढलं. काकवी गाळतानाचे चार तुकडे होते, त्यातला एक काल टाकला. तांब्याच्या रंगाची धार फडक्यातून पातेल्यात पडते, बस्स, एवढंच. आज दिवसभरात त्यालाच 60 हजार.

17 मार्च 2023, शुक्रवार

काल रात्री 1 कोटीच्या थोडं वर गेलं. आज सकाळी अर्ज केला. तपासणीला साधारण महिना धरायचा.

11 एप्रिल 2023, मंगळवार

मंजूर!

स्टुडिओत `Earn` पानावर गेले. शॉर्ट्सच्या कमाईची अट वेगळी स्वीकारावी लागते, आणि स्वीकारल्या दिवसापासून पुढचेच व्ह्यूज धरले जातात. मागचं काही मिळत नाही. उद्याच्या तारखेची वाट कशाला बघायची म्हणून लगेच स्वीकारली.

फेब्रुवारीपासून आजपर्यंत आपल्या शॉर्ट्सना साधारण 82 लाख व्ह्यूज झाले. गुऱ्हाळाच्या हंगामाचा शेवट, सगळ्यात भरीचे आठवडे. त्यातल्या एकाही व्ह्यूचा जाहिरातीच्या वाट्याशी संबंध नाही. कंपनीनं यात फसवलेलं नाही, अट सप्टेंबरपासून लिहिलेली होती. पण बोनस येत होता म्हणून मी वाचली नाही, याचं वाईट वाटतं. डिसेंबरातच एक मोठा व्हिडिओ केला असता तर 4,000 तासांचा दुसरा रस्ताही उघडला असता.

16 एप्रिल 2023, रविवार

उत्तरेश्वर पेठेतली एक मैत्रीण रांगोळीचं चॅनेल चालवते. ती म्हणाली, "गाणं लावू नको, अर्धे पैसे गाण्यावाल्याला जातात." हे तिच्यासारखं बरेच जण मानतात आणि मीही मानत होते. आज मदत पानावरचं यूट्यूबचंच उदाहरण वहीत सोडवून बघितलं.

एका देशात महिन्याला 10 कोटी शॉर्ट्स व्ह्यूज झाले आणि फीडमधल्या जाहिरातींतून 1 लाख डॉलर आले, असं धरलंय. शॉर्ट्सच्या जाहिराती कुणा एकाच्या व्हिडिओवर लागत नाहीत, दोन व्हिडिओंच्या मध्ये येतात. त्यामुळं सगळे पैसे आधी एका ठिकाणी गोळा होतात. ज्या व्ह्यूजमध्ये एक गाणं होतं त्यांच्यामागचे अर्धे पैसे संगीताच्या हक्कांकडे जातात. उदाहरणात 20 टक्के व्ह्यूजमध्ये एक गाणं आहे, म्हणून 10 हजार तिकडं आणि 90 हजार व्हिडिओ करणाऱ्यांच्या सामाईक रकमेत. आता एका चॅनेलचे 10 लाख व्ह्यूज असतील तर तो एकूण व्ह्यूजचा 1 टक्का, म्हणून त्याच्या नावे 900 डॉलर. त्यातले 45 टक्के, म्हणजे 405, चॅनेलला.

यात एक गोष्ट नीट बघायला हवी. त्या चॅनेलनं स्वतः गाणं लावलं होतं की नव्हतं, हे शेवटच्या आकड्यात कुठंच येत नाही. गाण्याचे पैसे सगळ्यांच्या सामाईक रकमेतून वर काढले गेले. त्यानंतर वाटणी फक्त व्ह्यूजवर झाली आणि 45 टक्के सगळ्यांना सारखे. म्हणजे मैत्रिणीनं गाणं लावलं तरी तिचा वाटा अर्धा होत नाही. मी मूळ आवाज ठेवते तो चुलवाणाच्या धगधगण्यासाठी आणि त्या 'टण्'साठी, पैशासाठी नाही. ती ऐकून गप्पच बसली, मग म्हणाली, "मी चार महिने गाणी काढून टाकली की गं."

आबांना ही वाटणी लगेच समजली. म्हणाले, ही मार्केट यार्डातल्या पट्टीसारखी. गूळ किती किलो, सौद्यात दर काय निघाला, त्यातून अडत, हमाली, तोलाई किती वजा, हातात किती, हे कागदावर दिसतं. दर पडला तर पडला, पण पट्टी वाचता येते. बोनसची पट्टी नव्हतीच.

12 मे 2023, शुक्रवार

एप्रिलचा आकडा पक्का होऊन आला. 11 तारखेपासून महिनाअखेर 17 लाख ग्राह्य व्ह्यूज, `Shorts Feed ads` पुढं 26 डॉलर. रुपयांत साधारण 2,100. डिसेंबरच्या बोनसचे रुपये साडेनऊ हजारांच्या वर झाले होते.

भाऊ नाराज झाला. "बोनसच बरा होता." आकडा बघितला तर त्याचं म्हणणं समजतं. पण बोनसच्या मेलमध्ये एकच रक्कम असायची, इथं प्रत्येक शॉर्टपुढं त्याचे पैसे दिसतात, प्रत्येक देशापुढं दिसतात. भारतातल्या साडेपंधरा लाख व्ह्यूजना 17 डॉलर आणि बाहेरच्या दीड लाखाला 9. सामाईक रक्कम देशवार वेगळी असते, अमेरिका आणि आखातात जाहिरातदार जास्त मोजतो, म्हणून असं होतं. दीड लाख व्ह्यूज बहुतेक परदेशात गेलेल्या आपल्याच माणसांचे, प्रतिक्रियांत गावांची नावं लिहितात. त्यांना बघायचं असतं ते सगळं गुऱ्हाळ, पहिल्या मोळीपासून ढेपेपर्यंत. 48 सेकंद त्यांना पुरत नाहीत.

हे वाचून मी डिस्क उघडली.

21 मे 2023, रविवार

11 मिनिटांचा व्हिडिओ टाकला. 18 डिसेंबरच्या पहाटेपासून काहील उतरवून पाक गार व्हायला वाफ्यात ओतेपर्यंत. नवीन शूटिंग शून्य, सगळं डिस्कवरचं. आबांकडून मागून आवाज तेवढा भरून घेतला, घराच्या माडीवर, पंखा बंद करून.

मोठ्या व्हिडिओचा हिशेब पूर्ण वेगळा. जाहिरात आपल्याच व्हिडिओवर लागते, तिचा लिलाव त्या प्रेक्षकासाठी होतो आणि त्यातले 55 टक्के आपले. सामाईक रक्कम मध्ये येत नाही.

27 मे 2023, शनिवार

स्टुडिओत कॉपीराइटच्या भागात आपल्या काकवीच्या शॉर्टशी जुळणारे तीन व्हिडिओ सापडले. एका चॅनेलनं जसाच्या तसा उचललाय, वर आपलं नाव पुसायला पट्टी लावलीय. नियमानं अशा उचललेल्या व्हिडिओचे व्ह्यूज कमाईसाठी ग्राह्य नाहीत, म्हणजे त्याला पैसे मिळू नयेत. पण बघणारी माणसं तिकडं गेलीच. काढून टाकण्याची विनंती भरली. मूळ फाइल, तारीख, आणि त्याच शूटचा पुढचा मागचा न वापरलेला भाग आपल्याकडे आहे, वाद झालाच तर तो दाखवता येईल. पुराच्या क्लिपांच्या वेळी मी याच्या उलट्या बाजूला उभी होते. त्या ज्यांनी काढल्या त्यांनाही असंच वाटलं असेल.

13 जून 2023, मंगळवार

मेचा हिशेब. शॉर्ट्स: 24 लाख व्ह्यूज, 36 डॉलर. मोठा व्हिडिओ: अकरा दिवसांत 46 हजार व्ह्यूज, `Watch Page ads` पुढं 31 डॉलर.

24 लाखांपुढं 46 हजार. भावानं आकडा दोनदा वाचला. शॉर्ट्स वाया आहेत असा याचा अर्थ नाही, कारण त्या 46 हजारांतले बरेचसे शॉर्टच्या खालच्या दुव्यावरून आलेत, ते अहवालात दिसतं. पण शॉर्ट माणसं आणतो आणि मोठा व्हिडिओ पैसे आणतो, हे आता आपल्या चॅनेलपुरतं तरी आकड्यांत आहे.

खात्यात जमा 26 + 36 + 31 = 93 डॉलर. 100 झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळं या महिन्यात बँकेत काही येणार नाही. जूनची भर पडली की जुलैच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान येतील.

घरखर्चाच्या वहीतून बोनसचा रकाना काढला. तो धरून मी जानेवारीत स्टँडचा हप्ता घेतला होता, तो अजून दोन महिने आहे, तेवढा पगारातून भरायचा. आता नव्या कुठल्या अ‍ॅपचं बोनसचं आमंत्रण आलं तर आधी तीन गोष्टी बघायच्या: संपण्याची तारीख लिहिली आहे का, रकमेला वरची मर्यादा आहे का, आणि तेच फुटेज दुसरीकडं टाकायला मनाई आहे का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण तीच डिस्क आपल्याला परत वापरायची आहे.

डिस्कवर अजून न वापरलेलं: ऊस तोडणं, घाणा, मळी, ढेपा फडक्यात बांधणं, सौद्याची एक सकाळ. जुलैत पावसानं बाहेर पडता येणार नाही तेव्हा यातून दुसरा मोठा व्हिडिओ, बहुतेक सौद्याचा. आबांना विचारून आवाजाची तारीख ठरवायची.